औषधाच्या डब्यातली गोळी फिकी, डागाळलेली किंवा चिकट दिसली तर काय करायचं

खानदेशात घरातल्या औषधांना वर्षातून दोन वाईट मोसम काढावे लागतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो, पत्र्याच्या खोलीत तर रात्रीसुद्धा भिंतीला हात लावला की चटका बसतो. गोळ्यांच्या पाकिटावर मात्र २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा, असं छापलेलं असतं. पुढे पाऊस लागला की हवा दमट होते ती नवरात्रापर्यंत. या दोन्हींच्या जोडीला आपला कूलर आहे. उन्हाळा कोरडा म्हणून आपण निर्धास्त असतो, पण कूलर पाण्याचा ओलावा हवेत सोडूनच खोली गार करतो. त्याच्या झोतासमोरच्या फडताळात औषधांचा डबा असेल तर त्या गोळ्यांना एप्रिलपासूनच पावसाळा लागलेला असतो.

मी धरणगावकडे मेडिकल चालवतो. श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी घरं आवरली जातात तेव्हा लोक डबा घेऊन येतात आणि विचारतात, "भाऊ, हाई गोयी चाली का?" त्यांना मी डबा ज्या क्रमानं तपासून दाखवतो, तोच क्रम इथे देतो आहे. सुरू करण्याआधी एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: दिसण्यावरून गोळी नापास करता येते, पास करता येत नाही. डागाळलेली गोळी बाद म्हणजे बाद. पण स्वच्छ, गुळगुळीत, रंग टिकलेली गोळी चांगलीच असेल, याची खात्री डोळे देऊ शकत नाहीत.

आधी वास, मग बाकी सगळं

डबा उघडताना झाकण नाकाजवळ धरा आणि पहिला वास कसला येतो ते बघा. डबा पाच मिनिटं उघडा राहिला की हा वास विरून जातो, म्हणून हे काम पहिलं. व्हिनेगरसारखा, आंबूस आणि नाकाला झोंबणारा वास आला तर बहुतेक वेळा डब्यात ऍस्पिरिन आहे आणि तिला ओल लागली आहे. ऍस्पिरिनला ओल लागली की तिचे दोन तुकडे होतात: एक सॅलिसिलिक ऍसिड आणि दुसरं ऍसिटिक ऍसिड. व्हिनेगरमध्ये असतं ते हेच दुसरं. म्हणजे हा वास औषध मोडल्याचा थेट पुरावा आहे.

आता एक मोठं स्टीलचं ताट घ्या, त्यावर पांढरा कागद अंथरा आणि दिवसा, खिडकीपाशी बसून सगळं त्यावर ओता. ट्यूबलाइट किंवा पिवळ्या बल्बखाली हे काम करू नका. पांढऱ्या गोळीवर आलेली फिकट पिवळी झाक त्या उजेडात नीट कळत नाही.

ताटात ज्या सुट्या गोळ्या निघतील, म्हणजे पाकिटाबाहेरच्या, पुडीतल्या, जुन्या काचेच्या बाटलीत एकत्र टाकलेल्या, त्या सरळ बाजूला काढा. त्यांच्याकडे बघत बसू नका. गोळीचं नावच माहीत नसेल तर ती आधी कशी दिसत होती हे कसं कळणार? नाव नसलेली गोळी कितीही ताजी दिसली तरी ती फेकायचीच.

कापलेल्या पाकिटांचंही तेच. एक्स्पायरी आणि बॅच नंबर अनेकदा पाकिटाच्या एकाच टोकाला छापलेला असतो. चार गोळ्या मागितल्या की आम्ही दुकानदार कात्रीनं कापून देतो आणि तारखेचं टोक दुकानातच राहतं. पुढच्या वेळी गोळ्या घेताना तारखेच्या बाजूचा तुकडा मागा, नाहीतर काउंटरवरच पूर्ण पाकिटाचा मोबाइलवर फोटो काढा. मेडिकलवाल्यानं याला नाही म्हणायचं काही कारण नाही.

पाकिटाची तपासणी गोळीच्या आधी

पाकीट उजेडाकडे धरून थोडं तिरकं करा. मागच्या चंदेरी कागदाला टाचणीएवढं भोक, घडीवर पडलेली चीर, कडेला सुटलेला चिकटा, यांतलं काही दिसलं तर त्या खणातल्या गोळीत ओल गेली असं धरा. एखादा खण बाकीच्यांपेक्षा फुगलेला असेल, तर पाण्यात विरघळणारी फसफसणारी गोळी आतल्या आत ओल लागून वायू सोडत असण्याची दाट शक्यता आहे. पाकीट हलवल्यावर खणात पावडर सरकताना दिसली तर गोळी भुगा व्हायला लागली आहे.

पाकिटं दोन तऱ्हेची येतात, हेही इथेच ओळखून ठेवा. समोरून पारदर्शक प्लास्टिक आणि मागे चंदेरी कागद असलेलं साधं पाकीट ओलावा पूर्ण अडवत नाही, फार हळू का होईना तो आत येतो. दोन्ही बाजूंनी ऍल्युमिनियम असलेलं पाकीट जाड असतं आणि आतली गोळी दिसत नाही. औषधाला ओल सोसत नाही म्हणूनच कंपनीनं हा खर्च केलेला असतो. त्यामुळे अशा पाकिटातली गोळी काढून आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत भरून ठेवणं पावसाळ्यात टाळा. तपकिरी किंवा लालसर पारदर्शक पाकीट उजेडापासून वाचवण्यासाठी असतं, त्यातली गोळी फिकी दिसली तर ती गंभीर खूण समजा.

रंग: फिका पडणं वेगळं, डाग पडणं वेगळं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून सावकाश बघा.

रंगीत आवरणाची गोळी एका बाजूनं फिकी झाली असेल तर ती पाकिटातून काढून उलटी करा. प्लास्टिककडची बाजू फिकी आणि चंदेरी कागदाकडची बाजू मूळ रंगाची असेल, तर उजेडानं वरचा रंग उडाला आहे. यात नेहमीच आतलं औषध मोडलेलं असतं असं नाही, कारण खाण्याच्या रंगांपैकी काही रंग उजेडात टिकत नाहीत. पण एवढा उजेड जिथे पोचला तिथे ऊनही पोचलं असणार, आणि आतलं औषध उजेडाला नाजूक आहे की नाही हे घरी बसून कळत नाही. म्हणून अशी गोळी घरीच चालवून घेऊ नका. मेडिकलमध्ये किंवा डॉक्टरांना दाखवा आणि नवीन पाकीट घ्या.

डागांची गोष्ट वेगळी आहे. पांढऱ्या गोळीवर पिवळे-तपकिरी ठिपके आले असतील, कडेपासून आत पिवळेपणा सरकत गेला असेल किंवा गोळी आरपार गुलाबी-तपकिरी झाली असेल, तर रासायनिक बदल झाला असं धरून चाला. व्हिटॅमिन सी ची चघळायची गोळी हवा आणि ओल लागून तपकिरी होत जाते. तिच्यातलं जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. पॅरासिटामॉल कोरड्या जागी बरंच टिकतं, पण ओल लागून मोडलं तर त्यातून पी-अमिनोफिनॉल नावाचा नको असलेला पदार्थ निघतो आणि तो हवेत गुलाबी-तपकिरी होत जातो. पांढरी पॅरासिटामॉल गुलाबीसर दिसली तर ती मुलाला तापात देऊ नका.

आता नेहमीची शंका: गोळी मुळातच पिवळी असेल तर? याचं उत्तर पाकिटावरच छापलेलं असतं. घटकांच्या यादीखाली 'कलर' अशी एक ओळ शोधा. तिथे फक्त टायटॅनियम डायऑक्साइड लिहिलेलं असेल तर आवरण पांढरं असायला हवं. सनसेट यलो, टार्ट्राझिन, रेड आयर्न ऑक्साइड अशी नावं असतील तर पिवळा, केशरी, तांबूस रंग कंपनीनंच दिलेला आहे. यादीत फक्त पांढरा रंग आणि हातात पिवळी गोळी, असा मेळ बसला नाही की निकाल लागला. साध्या, आवरण नसलेल्या गोळीवर ही ओळ बहुतेकदा नसते. तिथे त्याच नावाच्या, त्याच कंपनीच्या नव्या गोळीशेजारी जुनी ठेवून बघणं हाच उपाय.

कंपनी तीच हवी, हे महत्त्वाचं आहे. जनऔषधी केंद्रातली गोळी आणि खाजगी मेडिकलमधली गोळी यांत औषध एकच असूनही रंग, आकार वेगळा असतो. त्यावरून जुनी खराब झाली असा अर्थ काढू नका. वासाचंही तसंच आहे. साखरेच्या आजारात देतात त्या मेटफॉर्मिनला नव्या पाकिटातही माशासारखा वास येऊ शकतो, आणि बी-कॉम्प्लेक्सला स्वतःचा उग्र वास असतोच.

चिकट, मऊ, फुगलेली

चिकटपणा बघायला गोळी चिमटीत धरून हलकेच दाबा. चांगली गोळी टणक लागते आणि बोटाला रंग लागत नाही. साखरेचं आवरण असलेल्या गोळ्या पावसाळ्यात गुळाला पाणी सुटावं तशा ओलसर होतात, एकमेकींना चिकटतात आणि सुटताना आवरणाची सालपटं निघतात. जिलेटिनच्या कॅप्सूल उन्हाळ्यात मऊ पडून चिकटतात, तर फार कोरड्या हवेत ठिसूळ होऊन तडकतात. तेलाच्या मऊ कॅप्सूल फुटल्या नसल्या तरी एकमेकींना घट्ट चिकटल्या असतील तर त्या घेऊ नका.

नुसतं आवरणच चिकट झालंय, आत काही नाही, असा विचार करून लोक गोळी पुसून घेतात. पण काही गोळ्यांत आवरण शोभेचं नसतं. पोटात न विरघळता आतड्यात विरघळावी म्हणून किंवा औषध दिवसभर थोडं थोडं सुटावं म्हणून ते दिलेलं असतं. ते चिकटून फाटलं तर औषध भलत्या ठिकाणी किंवा एकदम सुटू शकतं. म्हणून चिकट गोळी पुसून, उन्हात वाळवून किंवा तांदळाच्या डब्यात ठेवून परत वापरू नका. ओल निघून जाईल, झालेला बदल मागे फिरणार नाही.

एक डबा, खणाखणानं

गेल्या श्रावणात एक मावशी बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डबा त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रीजवर असायचा, शेजारी खिडकीत कूलर. फ्रीजवरची जागा गार वाटते, पण मागून निघणारी गरम हवा तिथेच वर येते. म्हणजे उष्णताही आणि ओलही.

झाकण उघडताच आंबूस वास आला. ऍस्पिरिन ७५ ची कापलेली स्ट्रिप होती, तारीख नाही. त्यांच्या यजमानांना हृदयाच्या डॉक्टरांनी रोज दिलेली. मी एक गोळी कागदावर काढली. आवरण बोटाला चिकटलं आणि कडेला बारीक, सुईसारखे पांढरे कण उगवलेले दिसले. ते सॅलिसिलिक ऍसिडचे स्फटिक. बुरशी नव्हे, औषधच मोडून बाहेर आलेलं. अशा गोळीचा दुहेरी तोटा: रक्ताची गुठळी रोखायचं काम कमी होतं आणि पोटाची आग वाढते. काका महिन्यापासून पोट जळतं म्हणत होते. ते या गोळीमुळेच असं मी म्हणणार नाही, पण डॉक्टरांना हे सांगायला हवं होतं. गोळी बंद करायची नाही, त्याच दिवशी नवीन पाकिटातली सुरू करायची, एवढं मी त्यांना दोनदा बजावलं. खराब गोळी फेकणं आणि औषध सोडणं यांत लोक गल्लत करतात, आणि रोजच्या औषधाच्या बाबतीत ती महागात पडते.

त्याखाली ६२५ च्या दोन गोळ्या निघाल्या. नातवाच्या दाढेच्या वेळच्या, उरलेल्या. यात अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्हुलेनिक ऍसिड असतं, आणि ओलीला इतकं नाजूक औषध घरच्या डब्यात सहसा दुसरं नसतं. पांढऱ्या गोळ्यांवर तपकिरी चट्टे होते आणि एका कडेला गोळी फुगून तडकली होती. सरळ बाद. तसंही अँटिबायोटिक उरायलाच नको होती. डॉक्टरांनी दिले तेवढे दिवस पूर्ण घ्यायची असते आणि पुढच्या दुखण्यासाठी जपून ठेवायची नसते.

बीपीच्या गोळीचं पाकीट अखंड होतं, तारीख पुढच्या वर्षीची, पण एका कडेच्या तीन खणांतल्या गोळ्या फिक्या दिसल्या. त्यांना मी नवीन पाकीट दिलं आणि जुनं बाजूला काढायला लावलं. बीपीची गोळी अर्धी कमजोर झाली तरी घेणाऱ्याला तसं काही जाणवत नाही, रक्तदाब मात्र वर जातो, म्हणून इथे जुगार खेळायचा नाही.

शेवटी निघाली थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली. पांढऱ्याशुभ्र गोळ्या, ना डाग, ना वास. मावशींना वाटलं ही तरी वाचली. पण बाटलीचं झाकण नीट बसत नव्हतं आणि आतली ओल शोषणारी छोटी पुडी कुणीतरी फेकून दिली होती. थायरॉइडचं हे औषध, लिव्होथायरॉक्सिन, उष्णता, ओल आणि उजेड तिन्हींना नाजूक असतं, आणि त्याची ताकद कमी झाली तरी गोळीचं रूप बदलेलच असं नाही. मी ती बाटली बदलायला सांगितली, आणि ज्या दवाखान्यात त्या दाखवतात तिथे पुढच्या तपासणीत हे सांगायला लावलं.

जिथे डोळे उपयोगाचे नाहीत

थायरॉइडसारखंच, जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळीबद्दल सांगायला हवं. यातलं औषध उडून जाणारं असतं. काचेच्या मूळ बाटलीतून काढून प्लास्टिकच्या डबीत किंवा कागदाच्या पुडीत ठेवली तर गोळी तशीच दिसते आणि औषध निघून गेलेलं असतं. मिरगीच्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांच्या बाबतीतही रूपावर भरवसा ठेवू नका. तिथे पाकीट, साठवण आणि तारीख यांपैकी एकही बिघडलं असेल तर गोळी बदला.

तारखेचा अर्थही नीट घ्या. एक्स्पायरी ऑगस्ट २०२६ असेल तर औषध ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. पण ही तारीख पाकीट बंद असेल आणि लिहिल्याप्रमाणे ठेवलं असेल तरच खरी. ढोबळमानानं, तापमान १० अंशांनी वाढलं की औषध मोडण्याचा वेग दुपटीच्या आसपास जातो. मोटारसायकलच्या डिकीत मे महिना काढलेल्या पाकिटावर पुढच्या वर्षीची तारीख असली तरी तिला फार अर्थ उरत नाही.

खराब गोळी फक्त निकामी होते, अपाय करत नाही, असं ऐकलं असेल तर त्याला अपवाद आहे. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या जुन्या, मोडलेल्या कॅप्सूल घेतल्यानं मूत्रपिंडांना इजा झाल्याची उदाहरणं १९६३ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. म्हणून टेट्रासायक्लिन जातीची जुनी, काळपट पडलेली कॅप्सूल दिसली तर चाखूनही बघू नका.

फेकताना

गोळ्या पाकिटातून काढा, ओल्या चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवा, पिशवीत गाठ मारून घंटागाडीत द्या. पाकिटावरचं नाव आणि तारीख कात्रीनं कापा. गटारीत, विहिरीत, गोठ्याच्या उकिरड्यावर टाकू नका, गुरं आणि कोंबड्या खातात. चुलीत तर मुळीच नको, त्या प्लास्टिकचा धूर वाईट. कॅन्सरच्या किंवा जालीम वेदनाशामक गोळ्या असतील तर त्या कशा फेकायच्या ते मेडिकलमध्ये विचारा.

नवा डबा कुठे ठेवायचा

घरातली सगळ्यात गार, कोरडी आणि काळोखी जागा शोधा. बहुतेक घरांत ती आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा-मधला कप्पा असते. पत्र्याखालचा माळा, न्हाणीजवळचं फडताळ, देव्हाऱ्याशेजारचा दिव्याचा कोनाडा, चुलीमागची भिंत आणि कूलरचा झोत, या जागा टाळा. धाब्याच्या घरात जाड भिंतीतला कोनाडा उन्हाळ्यात चांगला, पण पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते का ते हात लावून बघा.

पाकिटावर फ्रीजमध्ये ठेवा असं लिहिलेलं नसेल तर गोळ्या फ्रीजमध्ये ठेवू नका. गार पाकीट जूनच्या दमट हवेत बाहेर काढलं की त्यावर पाणी जमतं, आणि रोज काढ-घाल केली तर तेच पाणी भोकातून आत जातं. डबा घट्ट झाकणाचा, हवा न जाणारा घ्या. गोळ्या मूळ पाकिटात आणि बाटलीतली पुडी बाटलीतच राहू द्या, पण ती पुडी खायची नाही हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवून सांगा. बाटली उघडलेल्या दिवसाची तारीख मार्करनं झाकणावर लिहा. तपासणी वर्षातून दोनदा पुरते: एकदा कानबाईच्या आधी, एकदा दसऱ्याच्या आवराआवरीत.

खराब गोळी आधीच घेतली गेली असेल तर

एखादी चिकट किंवा डागाळलेली गोळी चुकून पोटात गेली तर मुद्दाम उलटी करू नका. पाकीट जपून ठेवा, डॉक्टरांना किंवा मेडिकलमध्ये फोन करून नाव आणि किती घेतली ते सांगा. लहान मूल, गरोदर बाई किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर वाट न बघता दाखवा. अंगावर पित्त उठलं, तोंड-ओठ सुजले, श्वास लागला, सारख्या उलट्या झाल्या तर थेट दवाखाना गाठा. आणि छातीत दुखत असताना जिभेखालची गोळी ठेवूनही पाच मिनिटांत आराम पडला नाही, तर गोळी जुनी होती की चांगली, याचा विचार करत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.